छापलेला नट बोल्टवर फिरावा म्हणून: आट्यांमधली फट पिचवरून कशी ठरवायची

आमच्या स्वयंपाकघरात शहाबादी फरशी आहे आणि ती कुठेच एका पातळीत नाही. तिथल्या लाकडी टेबलाचा एक पाय कायम अधांतरी असायचा. पायाखाली कागदाच्या घड्या घालून कंटाळलो, तेव्हा ठरवलं की फिरवून उंची कमीजास्त करता येईल असा पाय थ्रीडी प्रिंटरवर छापायचा. खाली चकती, तिच्यातून वर येणारा १६ मिलिमीटर जाडीचा बोल्ट आणि टेबलाच्या पायात बसवलेला नट, एवढंच काम. ड्रॉइंगमध्ये दोन्हीचे आटे एकमेकांत चपखल बसत होते. छापून हातात घेतले तर नट दीड वेढा गेला आणि अडकला. पान्याने जोर लावला तेव्हा कर्रकन आवाज झाला आणि नटाचे आटेच गेले.

यावर बहुतेक जण एकच उपाय सांगतात: नट थोडा मोठा कर. उपाय चुकीचा नाही, पण ‘थोडा’ म्हणजे किती, हा खरा प्रश्न आहे. एकाच आकड्याने सगळे बोल्ट सुटत नाहीत. मोठ्या बोल्टला जी फट चालते, ती लहान बोल्टचे आटे पार निकामी करते. ती ठरवायची असेल तर बोल्टच्या जाडीकडे न बघता पिचकडे बघावं लागतं. पिच म्हणजे एका आट्याच्या माथ्यापासून पुढच्या आट्याच्या माथ्यापर्यंतचं अंतर. नट एक पूर्ण वेढा फिरला की तेवढाच पुढे सरकतो.

आधी आट्याचा आकार नीट बघू. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा एम १६ बोल्ट घ्या. एम म्हणजे मेट्रिक, १६ म्हणजे बाहेरचा व्यास आणि त्याचा नेहमीचा पिच २ मिलिमीटर. बोल्ट उभा कापून पाहिला तर करवतीच्या दात्यांसारखी रेषा दिसेल. प्रत्येक दात्याच्या दोन उतारांमधला कोन ६० अंशांचा असतो, म्हणजे प्रत्येक उतार आडव्या रेषेपासून ३० अंशांवर. माथ्याला टोक नसतं, तो थोडा सपाट कापलेला असतो, आणि दोन दात्यांमधला तळही तसाच. नट आणि बोल्ट एकमेकांत जेवढे खोल शिरतात ती खोली या प्रमाणित आकारात पिचच्या ०.५४ पट असते. पिच २ असेल तर खोली १.०८ मिलिमीटर. सगळी पकड या एका मिलिमीटरवर असते. त्यातूनच फट काढायची आहे, बाहेरून काही मिळणार नाही.

पिच बदलला की ही खोली त्याच प्रमाणात बदलते. एम ६ बोल्टचा पिच १ मिलिमीटर, खोली ०.५४. एम ३ चा पिच अर्धा मिलिमीटर, खोली फक्त ०.२७. आता समजा, प्रत्येक बाजूला ०.२ मिलिमीटर फट ठेवायची सवय आहे. एम १६ च्या १.०८ मधून ०.२ गेले तरी ०.८८ उरतात, म्हणजे ऐंशी टक्क्यांहून थोडी जास्त पकड. एम ६ मध्ये ०.३४ उरतात, ते कसंबसं चालेल. एम ३ मध्ये उरतात ०.०७ मिलिमीटर. एवढ्यावर नट धरत नाही, नुसता सरकून निघून येतो.

धातूच्या बोल्टचे नियम लिहिणाऱ्यांनीही फट पिचलाच बांधली आहे. मेट्रिक आट्यांच्या मोकळिकीचं प्रमाण आयएसओ ९६५ मध्ये आहे. त्यातल्या सर्रास वापरल्या जाणाऱ्या ६जी दर्जाच्या बोल्टला जी किमान मोकळीक ठेवतात, तिचं सूत्र १५ अधिक पिचच्या ११ पट असं आहे, आणि उत्तर मायक्रॉनमध्ये येतं. पिच २ असेल तर व्यासावर साधारण ३८ मायक्रॉन. त्याच १६ च्या बोल्टला दीड मिलिमीटरचा बारीक पिच दिला तर ३२. या सूत्रात बोल्टचा व्यास कुठेच येत नाही. एक ठरावीक भाग आणि पिचनुसार वाढणारा एक भाग, एवढंच त्यात आहे. प्लास्टिकच्या छापील आट्यांसाठीही विचाराची चौकट हीच राहते, फक्त आकडे दहापट मोठे होतात.

ते दहापट का होतात, हे कळायला प्रिंटर बोल्ट कसा रचतो ते पाहावं लागेल. उभा बोल्ट ०.२ मिलिमीटरच्या थरांनी छापायचा असेल तर स्लायसर, म्हणजे मॉडेल थरांत कापणारं सॉफ्टवेअर, त्याच्या पातळ चकत्या करतो. एखादी चकती स्लायसरच्या पडद्यावर वरून पाहा. ती पूर्ण गोल नसते, एका बाजूने फुगलेली असते. ते फुगलेलं अंग म्हणजे त्या उंचीवरचा आटा. वरची चकती हुबेहूब तशीच, फक्त थोडी फिरवलेली. पिच २ आणि थर ०.२ असेल तर एका पूर्ण वेढ्यात दहाच थर येतात, म्हणजे प्रत्येक चकती खालच्या चकतीपेक्षा ३६ अंशांनी फिरलेली असते. आपल्याला जो गुळगुळीत चढ वाटतो तो खरं तर पायऱ्यांचा जिना असतो.

आणि या पायऱ्या रुंद असतात. उतार आडव्यापासून फक्त ३० अंशांवर असल्यामुळे एक थर वर गेलं की कड ०.३५ मिलिमीटर बाहेर सरकते. नोझल ०.४ ची असेल तर प्लास्टिकची रेघही जवळपास तेवढ्याच रुंदीची पडते. म्हणजे आट्याच्या खालच्या उतारावर प्रत्येक नव्या रेघेचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग हवेत असतो. ती रेघ लोंबते. बोल्टच्या आट्याचं खालचं अंग भिंग घेऊन पाहिलं तर बारीक केसांसारखे ओघळ दिसतात, तर वरचं अंग स्वच्छ असतं. नटातही तेच होतं, फक्त ते आत असल्यामुळे डोळ्यांना दिसत नाही. थ्रीडी प्रिंटिंगमध्ये ४५ अंशांपेक्षा जास्त कलंडलेली बाजू आधाराशिवाय छापू नये असं म्हणतात. मेट्रिक आटा उभ्या रेषेपासून ६० अंश कलंडलेला असतो. ती मर्यादा त्याच्या आकारातच मोडलेली आहे.

यापेक्षा वेगळी चूक आडव्या दिशेची. वितळलेलं प्लास्टिक कडेला थोडं फुगतं. भोकाच्या आतल्या वळणावर ते आतल्या बाजूला ओढलं जातं आणि भोक ठरवल्यापेक्षा लहान होतं. प्रत्येक थर जिथे सुरू होऊन संपतो तिथे एक पुटकुळी उठते. अगदी पहिला थर बेडवर दाबला गेल्यामुळे पसरतो. या चुका तुमच्या प्रिंटरच्या, प्लास्टिकच्या आणि सेटिंगच्या असतात. पिच काहीही असो, त्या तेवढ्याच राहतात.

आता फटीचं गणित. नटाचा आटा बोल्टपासून सगळीकडे ०.२ मिलिमीटर बाहेर सरकवला तर उतारांमध्ये किती फट पडते? मी बराच काळ ०.२ च समजत होतो. कोल्हापुरात उद्यमनगरात लेथवर काम करणारे आमच्या ओळखीचे एक काका आहेत. त्यांना माझा अडकलेला नट दाखवला, तेव्हा त्यांनी तो उजेडात धरून फिरवून पाहिला आणि म्हणाले, “अरे, माथ्यावर काय मोकळीक बघतोस? माथा कुठं घासतोय? आट्याच्या उतारावर बघ, घासतंय तिथं.” मी म्हटलं, “काका, पण मी सगळीकडे सारखीच फट दिलीय.” त्यांनी कागदावर दोन तिरक्या रेघा ओढल्या आणि एक रेघ आडवी सरकवून दाखवली. “हे बघ, आडवं एवढं सरकलं, पण रेघांमधलं अंतर किती राहिलं?”

निम्मं राहिलं होतं. ३० अंशांच्या उतारावर आडवं ०.२ सरकलं की उताराला लंब मोजलेली फट ०.१ च होते. उभ्या दिशेने मोजली तर एका उतारावर ०.११५, आणि वरचा-खालचा असे दोन्ही उतार धरून नटाला बोल्टवर वरखाली हलायला एकूण ०.२३ मिलिमीटर मिळतात. याच ०.२३ मध्ये बोल्टच्या आट्याचे ओघळही मावायचे आणि नटाच्या आट्याचेही. दोन्हीकडचे ओघळ प्रत्येकी ०.१ असले तरी जागा संपलीच. माझ्या पहिल्या नटात तर काही फटच नव्हती. तो दीड वेढा तरी कसा गेला, याचंच आता नवल वाटतं.

म्हणून फटीला दोन मर्यादा आहेत. खालची मर्यादा प्रिंटर ठरवतो: फुगवटा आणि ओघळ सामावून नट बोटांनी फिरेल एवढी फट लागतेच. वरची मर्यादा पिच ठरवतो, कारण पिचवर आट्याची खोली अवलंबून असते. मी स्वतः खोलीच्या पाव भागापेक्षा जास्त फट देत नाही. हा पाव भाग कुठल्या प्रमाणपुस्तकातला नाही, माझ्या कामातून बसलेला अंदाज आहे. त्यापलीकडे गेलं की नट डुगडुगतो आणि जोर आला की आट्यांच्या नुसत्या टोकांवर लटकतो. मेट्रिक आकारात ही वरची मर्यादा एम ३ ला ०.०७, एम ६ ला ०.१४, एम ८ ला ०.१७, एम १२ ला ०.२४ आणि एम १६ ला ०.२७ येते. तुमच्या प्रिंटरची खालची मर्यादा ०.२ असेल तर एम ८ पर्यंतच्या बोल्टना जागाच उरत नाही. त्यांच्यासाठी कितीही आकडे बदलून पाहिले तरी एकतर नट अडकतो नाहीतर निसटतो, आणि मधला आकडा सापडत नाही कारण तो नसतोच. तिथे धातूचा नट प्लास्टिकमध्ये खाच करून बसवावा.

खालची मर्यादा अंदाजाने ठरवू नका, छापून मोजा. मी २० मिलिमीटर लांबीचा एक बोल्ट आणि त्याच्यासाठी पाच बुटके नट छापतो. नटात निदान तीन वेढे तरी असावेत, नाहीतर परीक्षा खोटी ठरते. एका वेढ्यात सगळेच नट बसतात. बोल्ट मूळ मापाचाच ठेवायचा आणि सगळी फट नटात द्यायची, म्हणजे प्रयोग करताना पुन्हा पुन्हा फक्त बुटका नट छापावा लागतो. पाच नटांना ०.१०, ०.१५, ०.२०, ०.२५ आणि ०.३० अशी फट दिली आणि ओळखू यावेत म्हणून कडेला एक ते पाच ठिपके कोरले. इथे फट म्हणजे त्रिज्येवरची, एका बाजूची. व्यासावर ती दुप्पट होते. फटीचा आकडा देताना लोक हे सांगत नाहीत आणि ऐकणाऱ्याचा नट निम्म्या किंवा दुप्पट फटीचा होतो.

एम १६ च्या मेट्रिक आट्यावर, ०.२ च्या थराने, पीएलए प्लास्टिकमध्ये माझ्याकडे असं झालं: पहिला नट धरलाच नाही. दुसरा दीड वेढ्यावर थांबला. तिसरा पान्याने फिरला, पण बोटांनी नाही. चौथा बोटांनी शेवटपर्यंत गेला. पाचवा खुळखुळला. म्हणजे खालची मर्यादा ०.२५ आणि वरची ०.२७. मधे जागा आहे, पण इतकी अरुंद की प्लास्टिकचं रीळ बदललं तरी गणित बिघडेल.

ही जागा रुंद करायचे दोन मार्ग आहेत. पहिला, थर पातळ करणे. ०.१ च्या थराने पायरी ०.१७ वर येते, ओघळ जवळजवळ नाहीसे होतात, पण छपाईला दुप्पट वेळ लागतो. हा नट दुकानातल्या लोखंडी बोल्टवर बसवायचा असता तर मी हेच केलं असतं, कारण तेव्हा आट्याचा आकार आपल्या हातात नसतो. पण टेबलाच्या पायात नट आणि बोल्ट दोन्ही माझेच होते. दोन्ही आपले असतील तर मेट्रिक आकाराला चिकटून राहायचं काहीच कारण नाही. तो आकार लेथवर आणि टॅप मारून धातूत आटे पाडण्यासाठी घडला आहे.

दुसरा मार्ग म्हणजे उतारच ४५ अंशांचा करणे. मग ०.२ च्या थराला पायरीही ०.२ च येते. प्रत्येक रेघ निम्मी खालच्या रेघेवर टेकते आणि लोंबत नाही. शिवाय फटीचं गणितही सुधारतं: आडवं ०.२ सरकवलं की उभ्या दिशेनेही प्रत्येक उतारावर पूर्ण ०.२ मिळतात, दोन्ही मिळून ०.४. मेट्रिक आकारात मिळत होते ०.२३. म्हणजे तेवढीच पकड खर्च करून ओघळांसाठी पावणेदोनपट जागा.

मात्र ४५ अंशांचा दाता पायथ्याशी रुंद असतो, तो दोन मिलिमीटरच्या पिचमध्ये तेवढ्या खोलीचा मावत नाही. माथा आणि तळ दोन्ही पिचच्या आठव्या भागाएवढे सपाट ठेवले, तर उरलेली जागा दोन उतारांत वाटून खोली पिचच्या ०.३७५ पट येते. मला एक मिलिमीटरच्या वर खोली हवी होती, म्हणून पिच ३ घेतला. खोली झाली १.१२५. एका वेढ्यात आता पंधरा थर आणि प्रत्येक उतारावर पाच-सहा पायऱ्या. आधी तीनच येत होत्या.

काही जण इथे ट्रॅपेझॉइडल, म्हणजे शिकंज्याच्या स्क्रूला असतो तसा आटा घ्यायला सांगतात. शक्ती पेलायला तो चांगला, पण त्याचा उतार आडव्यापासून फक्त १५ अंशांवर असतो. उभा छापला तर त्याचं खालचं अंग मेट्रिकपेक्षाही जास्त लोंबतं. उभ्या छपाईला मी तो घेत नाही.

हे मॉडेल मी OpenSCAD मध्ये, म्हणजे कोड लिहून आकार घडवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, केलं. वर सांगितलेली चकत्यांची गोष्ट इथे सरळ कामाला येते. फुगलेल्या अंगाची एक चकती काढायची आणि ती पीळ देत वर ओढायची. बाकी काही नाही.

```
P = 3;  D = 16;  A = 45;  r = 0.2;
T = 0.375 * P;
function khol(d) = min(max((d - P/16) / tan(A), 0), T);

module ata(R, h)
  linear_extrude(height=h, twist=-360*h/P, slices=ceil(72*h/P))
    polygon([for (i=[0:71])
      let(q = R - khol(abs(i/72*P - P/2)))
      [q*cos(5*i), q*sin(5*i)]]);

module nut() difference() {
  cylinder(d=24/cos(30), h=13, $fn=6);
  translate([0,0,-0.01]) ata(D/2 + r, 13.02);
}

nut();
```

`P` पिच, `D` बाहेरचा व्यास, `A` उताराचा कोन, `T` खोली आणि `r` एका बाजूची फट. `khol` हे सूत्र माथ्याच्या मध्यापासून `d` अंतरावर आटा किती खाली गेला ते सांगतं: माथ्यावर शून्य, मग उतार, मग तळाला `T` वर थांबतं. चकतीवरचा ३६० अंशांचा फेरा म्हणजेच एक पिच, त्यामुळे कोनावरून अंतर काढता येतं. `twist` ला उणे चिन्ह आहे ते विसरू नका. OpenSCAD मध्ये अधिक पीळ दिला तर उलटे, डावे आटे तयार होतात. बोल्टसाठी `ata(D/2, 30)` पुरे, आणि नटात त्याच आकाराची पण `r` ने मोठी आकृती वजा होते. नटाची रुंदी २४ ठेवली कारण एम १६ चा पाना २४ चा असतो आणि तो माझ्याकडे होता. मेट्रिक आकार हवा असेल तर `P = 2`, `A = 30` आणि `T = 0.5413 * P` करा. कोन ३० करून `T` तसाच ठेवला तर आटा उथळ राहतो, आणि उलट ४५ अंशांना `0.5413 * P` ठेवला तर तळ सपाट होण्याआधीच दोन उतार एकमेकांना भिडतात आणि आट्याचा आकार बिघडतो.

या कोडमध्ये एक गोष्ट मी मुद्दाम घातलेली नाही, नाहीतर ते लांबलं असतं, पण छापताना ती हवीच: तोंडाची घळ. आटा नटाच्या सपाट तोंडाशी कापला जातो तिथे सुरीच्या पात्यासारखी पातळ कड राहते. प्रिंटर ती नीट काढू शकत नाही, तिथे प्लास्टिकचा गोळा बसतो. त्यात खालच्या तोंडाला पहिल्या थराचा पसरलेला काठ येतो. नटाच्या दोन्ही तोंडांना आणि बोल्टच्या टोकाला आट्याच्या खोलीपेक्षा किंचित जास्त, इथे दीड मिलिमीटर, ४५ अंशांची तिरपी कड द्या. नट धरतच नाही अशी तक्रार असते तेव्हा अनेकदा दोष फटीचा नसून या काठाचा असतो. ओळखायचं कसं? नट उलटा करून दुसऱ्या तोंडाने लावून पाहा. तसा सहज गेला तर आत फट पुरेशी आहे.

मधेच अडकणारा नट कुठे घासतो हे शोधायलाही सोपी युक्ती आहे. बोल्टच्या आट्यांवर व्हाइटबोर्डच्या मार्करने शाई लावायची, नट जाईल तेवढा फिरवायचा, काढायचा आणि शाई कुठून पुसली गेली ते पाहायचं. आट्यांच्या माथ्यावरून पुसली असेल तर आडवा फुगवटा आहे: प्लास्टिक जास्त पडतंय किंवा भोक लहान आलंय. फक्त खालच्या उतारावरून पुसली असेल तर ओघळ आहेत, तिथे `r` वाढवण्याऐवजी थर पातळ करा किंवा पंख्याचा वेग वाढवा. आणि बोल्टच्या एकाच बाजूला उभ्या ओळीत पुसली असेल तर ती थरांच्या सांध्याची पुटकुळी आहे. सांधा स्लायसरमध्ये एका ओळीत मागे ठेवला असेल तर पेन्सिल तासायच्या पात्याने दोन मिनिटांत खरवडून निघतो. तो सगळीकडे विखुरला असेल तर पुटकुळ्याही विखुरतात आणि खरवडणं अशक्य होतं. म्हणून आट्यांसाठी विखुरलेला सांधा नको.

नव्या आकाराचे पाच नट छापले तेव्हा ०.१५ वाला बोटांनी शेवटपर्यंत गेला. वरची मर्यादा, म्हणजे १.१२५ चा पाव भाग, ०.२८. खालची ०.१५, वरची ०.२८: आता निवडायला जागा होती. खरा नट तेरा मिलिमीटर उंच, त्यात चार वेढे, म्हणून चाचणीच्या नटापेक्षा थोडी जास्त मोकळीक घेतली आणि ०.२ वर थांबलो. ही फट मॉडेलमध्ये दिली की स्लायसरमधलं `XY Size Compensation` किंवा `Hole Horizontal Expansion` शून्यावर आहे ना, ते एकदा तपासा. दोन्हीकडे दिली तर ती बेरजेने लागते आणि चांगला बसणारा नट अचानक ढिला येतो.

नट आणि बोल्ट एकाच प्लास्टिकचे, एकाच दिशेने उभे छापले की थंड होताना दोन्ही सारखेच आकसतात आणि पिच जुळलेला राहतो. बोल्ट आडवा छापला तर हे गृहीत धरता येत नाही. तरीही काही वेळा आडवाच छापावा लागतो, कारण उभ्या बोल्टचे थर नाण्यांच्या चवडीसारखे असतात आणि ओढ किंवा पीळ आला की तो डोक्याखालीच तुटतो. ओढ सहन करायची असेल तर बोल्ट एका बाजूने अडीच मिलिमीटर कापून सपाट करा आणि त्या सपाटीवर आडवा छापा. १६ च्या बोल्टला साडेअकरा मिलिमीटर रुंद बैठक मिळते, आधार लागत नाही आणि प्लास्टिकच्या रेघा लांबीने जातात. तेवढ्या पट्टीत आटे नसतात, त्याने फिरण्यात अडचण येत नाही. मात्र फटीची चाचणी आडव्या बोल्टवरच पुन्हा करायची.

माझ्या टेबलाच्या पायावर फक्त दाब येतो, म्हणून बोल्ट चकती खाली ठेवून उभाच छापला. बाहेरच्या भिंती चार ठेवल्या. ०.४२ च्या चार रेघा म्हणजे १.७ मिलिमीटर, आट्याच्या खोलीपेक्षा जास्त, त्यामुळे आट्याच्या मागे पोकळ जाळी येत नाही. दोनच भिंती ठेवल्या तर दाता पोकळ भागावर उभा राहतो आणि दाबाने सोलून निघतो.

नट बसवताना एक बारकावा पाळला. टेबलाचं वजन नटाला खाली ढकलतं, म्हणजे नटाच्या आट्याचं खाली तोंड केलेलं अंग बोल्टच्या आट्याच्या वरच्या अंगावर टेकतं. बोल्टचं वरचं अंग छापताना स्वच्छ आलेलं असतं. नटाचं खालचं अंग मात्र जसा छापला तसाच बसवला तर थोडंफार खडबडीत असतं. म्हणून नट उलटा करून बसवला. आता वजन पेलणारी दोन्ही अंगं स्वच्छ बाजूची आहेत, आणि बोटांनी फिरवताना ते जाणवतं. उरलेली ०.४ मिलिमीटरची मोकळीक वजनाने एका बाजूला दाबली जाते, त्यामुळे पाय हलत नाही. आट्यांना मेणबत्ती घासली आहे.

पीएलए कायमच्या दाबाखाली हळूहळू दबतं आणि उन्हात तापलेल्या गाडीत मऊ पडतं. त्यामुळे घट्ट आवळून ठेवायच्या जागी, किंवा तुटल्यावर कुणाला इजा होईल अशा जागी हा बोल्ट मी लावणार नाही. टेबलाच्या पायाला तो लावला आहे. एक वेढा म्हणजे तीन मिलिमीटर, म्हणून आई जेवायला बसताना टेबल हललं तर पाव वेढा फिरवते आणि ते टेकतं.